अडीच महिन्यांच्या बाळाचे हिमोग्लोबिन 10.2 : रिपोर्टवरच्या ‘एल’चा अर्थ काय?

मांजराकाठचा (लातूर जिल्हा)

नमस्कार मंडळी. आमची मुलगी पूर्ण दिवसांची, 2.9 किलो वजनाची जन्मली. तिसऱ्या दिवशी थोडी पिवळसर दिसली म्हणून दवाखान्यात शिरेतून रक्त तपासले, तेव्हा कावीळ किरकोळ निघाली आणि हिमोग्लोबिन 16.8 होते. त्यानंतर दोन महिने सगळे सुरळीत गेले. गेल्या आठवड्यात, म्हणजे तिच्या 68व्या दिवशी, सर्दीबरोबर अंग कोमट लागले, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी पुन्हा रक्त तपासले. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. पण रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 10.2 आले आणि त्यापुढे ठळक ‘एल’ छापलेला होता. लिम्फोसाइट 64 टक्के, त्यापुढे ‘एच’. न्यूट्रोफिल 26 टक्के, त्यापुढे पुन्हा ‘एल’. एमसीव्ही 91. वजन आता 4.8 किलो आहे, ती केवळ आईच्या दुधावर आहे आणि पिणे-झोपणे पूर्वीसारखेच आहे.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून ‘या वयात असेच असते’ एवढेच म्हटले आणि बाहेर रांग असल्यामुळे आम्हीही जास्त विचारले नाही. घरी आल्यावर मात्र आत्याबाई म्हणतात की लोहाचे थेंब लगेच सुरू करा, आणि सासूबाईंचे म्हणणे आहे की बाळंतिणीच्या अंगातच रक्त नाही, मग बाळाला कुठून येणार. माझा प्रश्न असा आहे की अडीच महिन्यांत साडेसहा ग्रॅम हिमोग्लोबिन गेले कुठे? रक्तस्राव नाही, आजार नाही, आणि तरीही ते स्वाभाविक कसे?

अंगणवाडीची ताई (बीड)

मी पर्यवेक्षिका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. आईच्या दुधात लोह फारच थोडे असते, ही गोष्ट खरी आहे. आपल्याकडे गरोदरपणात लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या जात नाहीत, त्यामुळे बाळ जन्मतःच कमी शिदोरी घेऊन येते. म्हणून थेंब आत्ताच सुरू करावेत आणि आईलाही गोळ्या द्याव्यात, म्हणजे दुधातून बाळाला लोह मिळेल, असे माझे मत आहे.

पाळण्याशेजारी (लातूर)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. या मुलीला मी तपासलेले नाही, त्यामुळे जे लिहितो ते तुम्ही दिलेल्या आकड्यांपुरतेच आहे.

ताईंच्या म्हणण्यातला अर्धा भाग बरोबर आहे. दुधात लोह थोडे असते आणि आईला रक्तक्षय असेल तर तिला गोळ्या द्यायलाच हव्यात. परंतु त्या आईसाठी. आईने गोळ्या घेतल्याने दुधातले लोह फारसे वाढत नाही. शिवाय या मुलीचे हिमोग्लोबिन लोहाअभावी उतरलेले दिसत नाही, हा मुख्य मुद्दा आहे.

कारण असे की पोटात असताना बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो आणि तो बेताचाच मिळतो. बाळाच्या रक्तातला त्याचा दाब तिथे जेमतेम 25 ते 30 मिलिमीटर असतो. इतक्या तुटपुंज्या प्राणवायूवर भागवायचे तर वाहतूक करणाऱ्या लाल पेशी भरपूर हव्यात, म्हणून बाळाचे यकृत एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक भरपूर बनवते आणि अस्थिमज्जेकडून पेशी काढून घेते. जन्मतःचे 16-17 हिमोग्लोबिन ही त्या टंचाईच्या दिवसांची सोय आहे. बाळ पहिला टाहो फोडते, फुप्फुसे उघडतात आणि थोड्याच वेळात रक्ताची संपृक्तता नव्वदीच्या वर जाते. शरीराच्या हिशेबाने आता प्राणवायू गरजेपेक्षा जास्त झालेला असतो. एरिथ्रोपोएटिन जवळजवळ नाहीसे होते आणि नव्या पेशी तयार करण्याचे काम पुढचे सहा-आठ आठवडे अगदी मंदावते. त्यातच गर्भातल्या पेशींचे आयुष्य 60 ते 90 दिवसांचे, म्हणजे मोठ्या माणसाच्या पेशींच्या 120 दिवसांपेक्षा बरेच कमी असते. जुन्या पेशी जात राहतात, नव्या फारशा येत नाहीत, आणि बाळ मात्र वाढत राहते.

हे वाढणे लोक विसरतात, म्हणून तुमच्याच मुलीचा हिशेब मांडतो. जन्माच्या वेळी किलोमागे सुमारे 80 मिली रक्त धरले तर 2.9 किलोला 232 मिली होते. 100 मिलीत 16.8 ग्रॅम, म्हणजे अंगात एकूण हिमोग्लोबिन सुमारे 39 ग्रॅम. आता 4.8 किलोला किलोमागे 75 मिली धरले तर 360 मिली रक्त, आणि 10.2च्या हिशेबाने एकूण हिमोग्लोबिन पावणेसदतीस ग्रॅमच्या आसपास. रिपोर्टवरचा आकडा जवळजवळ 40 टक्क्यांनी उतरला, पण अंगातला एकूण साठा दोन-सव्वादोन ग्रॅमनेच कमी झाला. तुमचे साडेसहा ग्रॅम कुठे गेले याचे मोठे उत्तर हेच आहे की तेवढेच हिमोग्लोबिन आता दीडपट रक्तात पसरले आहे.

जांभळे टोपण (परभणी)

डॉक्टर, मी लहानशी प्रयोगशाळा चालवतो, म्हणून हिशेबात एक शंका. दोन्ही वेळा किलोमागे 80 मिली धरले तर आत्ताचा साठाही 39 ग्रॅमच येतो, म्हणजे काहीच कमी झाले नाही असे दिसेल. आणि पेशी जर साठ-सत्तर दिवसांत मरत असतील, तर 68व्या दिवशी जुना माल जवळपास संपलेला असायला हवा. मग पावणेसदतीस ग्रॅम उरले कसे?

पाळण्याशेजारी (लातूर)

शंका रास्त आहे. किलोमागचा आकडा मी अंदाजाने धरला आहे आणि तो बदलला की उत्तर दोन-तीन ग्रॅमने हलते. त्या हिशेबाकडे दिशा दाखवणारा म्हणूनच पाहावे. दुसरे असे की मज्जा मंदावते, पूर्ण थांबत नाही. आपल्याकडच्या साखर कारखान्यात एखादीच पाळी चालू ठेवावी तसे काम चालू असते. आणि सहा-आठ आठवड्यांनंतर हिमोग्लोबिन पुरेसे उतरले की एरिथ्रोपोएटिन पुन्हा वाढते आणि काम जोरात सुरू होते. तुमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर रेटिक, म्हणजे नव्या लाल पेशींचे प्रमाण, त्या सुमारास वर यायला लागते. या मुलीचा 68वा दिवस नेमका त्या वळणावरचा आहे. पूर्ण दिवसांच्या बाळात 8 ते 12 आठवड्यांच्या दरम्यान हिमोग्लोबिन 9.5 ते 11 पर्यंत खाली येते आणि तिथून आपोआप चढू लागते.

लोहाचे थेंब का उपयोगी नाहीत, तेही यातच आले. जुनी पेशी फुटली की तिच्यातले लोह शरीर टाकून देत नाही, जपून ठेवते. म्हणजे या वयात कोठारात लोह असते, फक्त ते वापरणारी मज्जा सुस्त असते. गाळप मंदावलेले असताना अड्ड्यावर उसाच्या आणखी गाड्या आणून उभ्या केल्या म्हणून साखरेची पोती वाढत नाहीत. मज्जा जागी झाली की हेच साठवलेले लोह चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत पुरते, आणि खरी लोहाची कमतरता त्याच्या पुढे सुरू होते.

गोदामाई (नांदेड)

क्षमा करा, पण ‘स्वाभाविक आहे’ या शब्दाची मला भीती वाटते. माझा रक्तगट निगेटिव्ह आहे. पहिल्या बाळंतपणानंतर जे इंजेक्शन द्यायला हवे होते, ते एका दवाखान्यात राहून गेले. दुसऱ्या मुलाला जन्मतःच कावीळ झाली आणि पाच दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले. घरी आल्यावर तो पिवळा दिसेनासा झाला, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. पाचव्या आठवड्यात तो दूध ओढताना थांबायला लागला, कपाळावर घाम यायचा, ओठ पांढुरके दिसायचे. तेव्हाही एकांनी ‘या वयात उतरतेच’ म्हटले. तपासले तर हिमोग्लोबिन 6.9. रक्त चढवावे लागले. म्हणून मांजराकाठच्या दादांनी दुसरे मत घ्यावे.

पाळण्याशेजारी (लातूर)

ताई, तुमच्या बाळाची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी होती, कारण दोन्ही घसरणी वरून सारख्या दिसतात. तुमच्या रक्तातली प्रतिद्रव्ये बाळाच्या अंगात कित्येक आठवडे राहतात आणि दिवा बंद झाल्यावरही त्याच्या पेशी फोडत राहतात. यकृत आता पिवळेपणा निचरून टाकू शकते, त्यामुळे डोळे पांढरे दिसतात आणि आत रक्त मात्र कमी होत असते. नेमक्या त्याच आठवड्यांत मज्जाही सुस्त असल्यामुळे भरपाई होत नाही. म्हणून अशा बाळाला घरी पाठवल्यावरही दर आठवड्या-दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासून पाहावे लागते.

फरक मी असा ओळखतो. एक, वेळ: पूर्ण दिवसांच्या बाळाचे हिमोग्लोबिन पहिल्या महिन्यातच 10च्या खाली गेले, तर ते स्वाभाविक घसरणीच्या वेळापत्रकात बसत नाही. दोन, खोली: 9च्या खाली गेले तर मी कारण शोधतो, मग वय काहीही असो. तीन, बाळ: स्वाभाविक घसरणीतले बाळ आजारी दिसत नाही. मांजराकाठच्या मुलीचे वजन 68 दिवसांत 1.9 किलोने वाढले, म्हणजे दिवसाला सुमारे 28 ग्रॅम. ज्याला प्राणवायू कमी पडतो, ते बाळ इतके वाढत नाही. ते दूध पिताना दमते, घामेजते आणि वजनाचा काटा आधी थांबतो.

हिमोग्लोबिन इतके उतरूनही प्राणवायू कमी का पडत नाही, याचेही उत्तर देऊन ठेवतो. गर्भातले हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवते. वारेतून ओढून घ्यायला ते उत्तम असते, पण पेशींना सोडताना हात आखडता घेते. जन्मतः सुमारे तीन चतुर्थांश हिमोग्लोबिन या प्रकारचे असते. पहिल्या महिन्यांत त्याची जागा मोठ्यांचे हिमोग्लोबिन घेत जाते आणि ते प्राणवायू मोकळ्या हाताने सोडते. त्यामुळे 10 ग्रॅममध्ये बाळाचे काम नीट भागते.

वेरूळकर

माझा मुलगा चार वर्षांचा आहे, त्याचे हिमोग्लोबिन 9.8 आणि एमसीव्ही 64 आहे. वरची चर्चा वाचून बरे वाटले. म्हणजे हेही आपोआप भरून येईल, असे समजावे ना?

पाळण्याशेजारी (लातूर)

नाही, कृपया तसे समजू नका. चार वर्षांच्या मुलासाठी 11च्या खाली म्हणजे रक्तक्षय. वर मांडलेली सवलत पहिल्या काही महिन्यांपुरतीच आहे. पेशींचा आकारही पाहा. जन्मतः एमसीव्ही 105च्या पुढे असते, दोन-अडीच महिन्यांत नव्वदीत येते आणि दोन वर्षांच्या आसपास 78 च्या जवळपास असते. मांजराकाठच्या मुलीचे 91 तिच्या वयाला शोभते. तुमच्या मुलाचे 64 कोणत्याच वयाला शोभत नाही. लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा वाहकपणा, या दोन शक्यता आधी तपासाव्यात. तो दिवसातून दूध किती पितो?

वेरूळकर

म्हशीचे दूध, साधारण एक लिटर. त्यापुढे भाकरीला हातच लावत नाही.

पाळण्याशेजारी (लातूर)

मग दूध अर्ध्यावर आणा आणि या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. स्वतंत्र धागा काढलात तर तिथे सविस्तर लिहितो.

जांभळे टोपण (परभणी)

आता ‘कमी’चा ‘एल’ आणि ‘जास्त’चा ‘एच’ यांबद्दल, कारण ती आमची चूक आहे. बहुतेक ठिकाणी मशीनच्या संगणकात एकच संदर्भ पट्टा भरलेला असतो, आणि तो मोठ्या माणसाचा: हिमोग्लोबिन 13 ते 17, न्यूट्रोफिल 40 ते 75, लिम्फोसाइट 20 ते 40. त्यात अडीच महिन्यांच्या बाळाचा रिपोर्ट घातला की अर्ध्या ओळींवर खुणा उमटतात. लिम्फोसाइट 64 टक्के हे या वयाचे नेहमीचे चित्र आहे. जन्माच्या दिवशी न्यूट्रोफिल जास्त असतात, पहिल्या आठवड्याच्या सुमारास पारडे फिरते आणि चार-पाच वर्षांचे होईपर्यंत लिम्फोसाइटच पुढे राहतात. जन्माच्या दिवशीच्या एकूण पांढऱ्या पेशी तर 25 हजारांपर्यंत सहज असतात. तोच आकडा दहा वर्षांच्या मुलात दिसला तर मी स्वतः काचपट्टी घेऊन बसतो.

आणखी एक सांगतो. पहिल्या दिवसांत टाचेला टोचून घेतलेल्या रक्तात हिमोग्लोबिन शिरेतल्यापेक्षा जास्त येते, विशेषतः पाय गार असेल तर. त्यामुळे एकदा टाचेचे आणि एकदा शिरेचे असे दोन आकडे शेजारी ठेवले, तर घसरण आहे त्यापेक्षा मोठी वाटते. उलट टाच दाबून पिळून काढली तर पेशींबरोबर ऊतींतले पाणीही येते आणि आकडा खोटाच खाली जातो. मांजराकाठच्या दादांचे दोन्ही नमुने शिरेतले होते का?

मांजराकाठचा (लातूर जिल्हा)

तिसऱ्या दिवशी शिरेतून होते. या वेळीही हाताच्या मागच्या शिरेतूनच घेतले, जांभळ्या टोपणाच्या बारीक कुपीत. ते हलवून ठेवताना मी पाहिले. पुन्हा टोचणे आले की काय?

जांभळे टोपण (परभणी)

आता नमुना जुना झाला, पण तेव्हा लगेच सांगितले असते तर त्याच जांभळ्या कुपीतून रेटिक करता आले असते. कुपी थंड ठेवली असेल तर साधारण एक दिवसापर्यंत आम्ही करतो. दोन थेंब रक्त, दोन थेंब रंग, पंधरा मिनिटे थांबायचे आणि काचपट्टीवर पसरायचे. नव्या पेशींत निळी जाळी दिसते. अशा जाळीच्या पेशी हजारात किती, ते मोजायचे. वेगळे टोचावे लागत नाही. पुढे कोणावर वेळ आली तर रक्त घेतानाच सांगून ठेवावे.

पाळण्याशेजारी (लातूर)

रेटिक हा शंकेच्या वेळी सर्वांत उपयोगी आकडा आहे. अडीच महिन्यांत हिमोग्लोबिन 10 आणि रेटिक दीड-दोन टक्के, म्हणजे मज्जा जागी झाली आहे. हिमोग्लोबिन 7 आणि रेटिक जवळजवळ शून्य, म्हणजे मज्जेचेच काही बिघडले आहे. रेटिक आठ-दहा टक्के, म्हणजे पेशी कुठेतरी फुटत आहेत आणि मज्जा त्यांच्या मागे धावते आहे. परंतु या मुलीला केवळ त्यासाठी पुन्हा टोचावे, असे मला वाटत नाही. 14 आठवड्यांच्या लसीला जाल तेव्हा वजन करा आणि पापणी, तळवे, प्लीहा डॉक्टरांना पाहायला सांगा. वाढ अशीच असेल तर रक्त तपासण्याचे कारण उरत नाही.

किल्ल्याखाली (कंधार)

आमचा मुलगा 33 आठवड्यांचा, 1.7 किलोचा जन्मला. सातव्या आठवड्यात हिमोग्लोबिन 8.2 होते आणि तरीही डॉक्टरांनी रक्त चढवले नाही. लोहाचे थेंब मात्र दुसऱ्या महिन्यातच सुरू केले. वरचे वाचून दोन्ही गोष्टी चुकीच्या वाटू लागल्या.

पाळण्याशेजारी (लातूर)

दोन्ही योग्यच झाल्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही घसरण लवकर, सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास येते आणि 7 ते 9 पर्यंत खोल जाते. त्याच्या पेशींचे आयुष्य आणखी कमी असते, ते वेगाने वाढते, आणि एरिथ्रोपोएटिन अजून बव्हंशी यकृतातूनच येत असते. यकृत मूत्रपिंडाइतक्या तत्परतेने टंचाई ओळखत नाही. त्यात तपासण्यांसाठी काढलेले रक्त असते. 1.7 किलोच्या बाळात जेमतेम 150 मिली रक्त. त्यातून तपासण्यांपोटी 10 मिली काढले तर पंधरावा हिस्सा गेला. मोठ्या माणसाच्या हिशेबाने ती रक्तदानाची एक पिशवी झाली. आणि लोह म्हणाल तर आईकडून ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत बाळाकडे येते. हे बाळ ते महिने पुरे होण्यापूर्वीच बाहेर आले, म्हणून त्याचे कोठार अपुरे. त्याचे थेंब आत्ताची घसरण थांबवायला नाहीत, मज्जा जागी झाल्यावर कोठार कोरडे पडू नये म्हणून आहेत.

रक्त किती आकड्याला चढवावे, यावर आमच्यातच एकमत नाही. प्राणवायू लागत नाही, श्वास थांबत नाही आणि वजन वाढते आहे, तर मी 8लाही थांबतो. माझे एक सहकारी थांबत नाहीत.

अंगणवाडीची ताई (बीड)

म्हणजे कमी वजनाच्या बाळांपुरते माझे म्हणणे बरोबर होते. मग पूर्ण दिवसांच्या बाळाला थेंब नक्की केव्हा? आमच्याकडे सहा महिने झाल्यावर आठवड्यातून दोनदा एक मिली सिरप देतात, त्यात 20 मिलिग्रॅम लोह असते. माझा भाचा अमेरिकेत आहे, त्याच्या बाळाला चौथ्या महिन्यातच सुरू केले.

पाळण्याशेजारी (लातूर)

दोन्ही खरे आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना केवळ आईच्या दुधावरच्या बाळाला चार महिन्यांपासून किलोमागे रोज एक मिलिग्रॅम द्यायला सांगते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आहे. आईला गरोदरपणात तीव्र रक्तक्षय असेल किंवा नाळ घाईने कापली असेल, तर मी सहा महिन्यांची वाट पाहत नाही. एक मिनिट थांबून नाळ कापली तर बाळाला वारेतले रक्त मिळते आणि त्यातले लोह पुढचे काही महिने कामी येते. मांजराकाठच्या दादा, बाळाच्या आईचे नवव्या महिन्यातले हिमोग्लोबिन किती होते?

मांजराकाठचा (लातूर जिल्हा)

तिच्या कार्डावर 9.4 लिहिलेले आहे. नाळेचे आम्हाला ठाऊक नाही, बाळंतपण माहेरी झाले.

पाळण्याशेजारी (लातूर)

मग बाळंतिणीच्या गोळ्या आजपासूनच नियमित सुरू असू द्या, सासूबाईंचे तेवढे ऐका. मुलीबाबत 14 आठवड्यांच्या लसीच्या वेळी हे कार्ड डॉक्टरांना दाखवून, चौथ्या महिन्यापासून थेंब द्यायचे का, ते विचारा.

जांभळे टोपण (परभणी)

डॉक्टर, कालच बसून संगणकात वयानुसार पट्टे भरायला घेतले. पहिला आठवडा, एक महिना, दोन ते तीन महिने, सहा महिने ते दोन वर्षे, असे टप्पे केले आहेत. पण एक अडचण आली. अर्जावर जन्मतारीख असते, बाळ कितव्या आठवड्यात जन्मले ते नसते. कंधारच्या बाळाचा 8.2चा रिपोर्ट माझ्याकडे आला असता, तर मशीनने त्याला पूर्ण दिवसांच्या पट्ट्यात घालून पुन्हा ‘एल’च छापला असता. अर्जावर हातानेच आणखी एक रकाना ओढावा म्हणतो.